प्रवासाच्या कागदपत्रांचं भाषांतर: तारखा, रक्कम, मापं आणि आकडे कसे लिहायचे

महाराष्ट्रात साठी-सत्तरीच्या पुढच्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला आठवत नसे, मग गुरुजी जून महिन्याची पहिली तारीख लिहून टाकत. अशा एका काकांचा शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत करायला माझ्याकडे आला होता. जन्मतारीख ०१/०६/१९५४. मी नवीन होतो. अंक तसेच इंग्रजीत उतरवले, `01/06/1954`, आणि कागद देऊन टाकला. मुलाने तो अमेरिकेतल्या एका वकिलाला पाठवला. तिथून प्रश्न आला की पासपोर्टवर १ जून आहे, मग दाखल्यावर ६ जानेवारी कशी? एकही अंक चुकला नव्हता, तरी भाषांतर चुकलं होतं. दाखला पुन्हा करून, पुन्हा सही-शिक्का मारून पाठवण्यात आठवडा गेला.

या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी मी एकच फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवतो. सातारा जिल्ह्यातले काका-काकू न्यू जर्सीला मुलाकडे चार महिन्यांसाठी निघाले आहेत. मराठीतून इंग्रजीत करायचे कागद तीन: काकांचा दाखला, शेताचा सातबारा आणि पतसंस्थेची मुदत ठेव पावती. इंग्रजीतून मराठीत करायचे दोन: विमानाचं तिकीट आणि अमेरिकन कंपनीची प्रवास विमा पॉलिसी.

आधी कागदांचे दोन गठ्ठे करा

काहीही बदलण्याआधी प्रत्येक कागदाबद्दल एक प्रश्न विचारायचा: हा कागद कोण वाचणार आणि वाचून काय करणार?

दाखला, सातबारा आणि पावती अधिकारी वाचणार. तो भाषांतर मुळाशी ताडून पाहतो. इथे मूल्य बदलायचं नाही. रुपये रुपयेच राहतात, हेक्टर हेक्टरच राहतो. तुम्ही रुपयांचे डॉलर करून लिहिलेत तर मूळ कागदावर नसलेला आकडा तुमच्या सहीखाली आला, आणि भाषांतर अचूक व पूर्ण असल्याचं तुम्ही जे लिहून देता ते खोटं ठरलं. अधिकाऱ्याला समजावं म्हणून काही जोडायचंच असेल तर ते चौकोनी कंसात, भाषांतरकाराची टीप असं स्पष्ट म्हणून जोडायचं.

तिकीट आणि पॉलिसी काका-काकू वाचणार आणि त्याप्रमाणे वागणार. बॅग भरतील, गाडी ठरवतील, औषधं घेतील. इथे पौंडांचे किलो करून दिलेच पाहिजेत. पण मूळ आकडा पुसायचा नाही, शेजारी ठेवायचा. विमानतळावरच्या काट्याजवळ बसलेला माणूस `50 lb` असंच म्हणणार, आणि काकांना तो आकडा त्यांच्या कागदावर दिसला पाहिजे.

मूळ कागदावरचे अंक नीट वाचा

मराठी कागद हाताने लिहिलेला असेल तर पहिला धोका लिपीचाच असतो. देवनागरी ४ घाईत लिहिला की इंग्रजी `8` सारखा दिसतो, आणि देवनागरी १ हा इंग्रजी `9` सारखा. जुन्या दाखल्यांवर एकाच ओळीत दोन्ही लिप्यांचे अंक सापडतात, कारण फॉर्म छापील, नोंद एका लिपिकाची आणि दुरुस्ती दुसऱ्याची असते. ०१/०६/१९५४ मधला शेवटचा अंक ४ की 8, असा प्रश्न पडला तर अंदाज करू नका. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते: ‘एक जून एकोणीसशे चोपन्न’. निर्णय त्यावर करा. अक्षरी आणि अंकी तारीख जुळत नसेल तर दोन्ही जशा आहेत तशा भाषांतरात घ्या आणि मूळ कागदात तफावत असल्याची टीप द्या. दुरुस्ती शाळेने करायची असते, आपण नव्हे.

तारीख: महिना अक्षरांत लिहा

भारतात दिवस आधी, अमेरिकेत महिना आधी. दिवसाचा आकडा १३ किंवा पुढचा असला की गोंधळ आपोआप सुटतो, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ मधल्या तारखाच फसवतात, म्हणजे दिवस आणि महिना एकच असलेली तारीख सोडली तर दर महिन्यात अकरा.

यावर माझा एकच उपाय आहे. भाषांतरात महिना कधीही आकड्यात लिहायचा नाही. काकांची तारीख `01 June 1954` किंवा `01-JUN-1954` अशी जाईल. अमेरिकन व्हिसाचा ऑनलाइन अर्जसुद्धा तारीख याच दुसऱ्या पद्धतीने मागतो. ‘मूळ कागदावर आकडा आहे, मग आपण महिन्याचं नाव घातलं तर बदल नाही का झाला?’ असं नवीन मुलं विचारतात. नाही. मूल्य तेच राहिलं, फक्त ते एकाच प्रकारे वाचता येईल असं झालं.

आता उलट दिशा. पॉलिसीवर मुदत अशी छापली आहे:

```
Effective Date: 06/12/2026
Expiration Date: 10/09/2026
```

आपल्या सवयीने वाचलं तर पॉलिसी ६ डिसेंबरला सुरू होऊन त्याच वर्षी १० सप्टेंबरला संपते. सुरू होण्याआधीच संपणारी पॉलिसी नसते, म्हणजे आपली वाचायची रीत चुकली. अमेरिकन रीतीने ती १२ जून ते ९ ऑक्टोबर २०२६ आहे. पण प्रत्येक वेळी कागद असा स्वतःहून ओरडून सांगत नाही. म्हणून त्याच कागदावर १२ च्या पुढचा आकडा असलेली एखादी तारीख शोधायची, उदाहरणार्थ पैसे भरल्याची. ती `05/28/2026` असेल तर पूर्ण कागदाची रीत कळली. तशी एकही तारीख नसेल तर तिकिटाशी ताडून पाहा. विमान कंपन्यांच्या तिकिटावर महिना बहुधा `13JUN` असा अक्षरांत असतो.

मराठीत लिहिताना मी वारही घालतो: शुक्रवार, ९ ऑक्टोबर २०२६. घरातली वडीलधारी माणसं वारावरून चालतात. शिवाय कॅलेंडर उघडून वार तपासताना चुकलेली तारीख लगेच सापडते. इथे कुणी १० सप्टेंबर लिहिलं असतं तर गुरुवार आला असता आणि तिकिटाशी मेळ बसला नसता. अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या भाषांतरात मात्र मुळात नसलेला वार घालू नका.

फाइलमध्ये लग्नपत्रिका असेल तर तिच्यावर तिथी असते. ‘वैशाख शुद्ध ३, शके १९४६, शुक्रवार दि. १०/५/२०२४’ याचं भाषांतर करताना तिथी आणि शक रोमन लिपीत जसेच्या तसे लिहायचे आणि इंग्रजी तारीख महिन्याच्या नावासह. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण तो गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पत्रिकेवर फक्त तिथी असेल तर बेरीज-वजाबाकीने दिवस काढू नका, कारण क्षय तिथी आणि अधिक महिना हिशेब मोडतात. त्या वर्षाचं पंचांग उघडा.

मध्यरात्रीनंतरचं विमान

मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि मराठी बोलण्यात रात्र ही आधीच्या दिवसाची असते. यातून होणारी गफलत मी या कामातली सर्वांत महागडी मानतो, कारण तिची किंमत नवं तिकीट असते. काका-काकूंच्या तिकिटावर असं आहे, यात BOM म्हणजे मुंबई आणि EWR म्हणजे न्यू जर्सीतलं न्यूअर्क:

```
13JUN  BOM 0055 – EWR 0700
09OCT  EWR 2030 – BOM 2025 +1
```

‘१३ जून, रात्री १२:५५’ असं मराठीत लिहिलं की अक्षरशः बरोबर आहे. पण काका ते वाचून १३ तारखेला संध्याकाळी जेवून साताऱ्याहून निघतील, आणि विमान त्याच्या कितीतरी तास आधी गेलेलं असेल. म्हणून मी असं लिहितो:

‘शुक्रवार, १२ जूनची रात्र संपून शनिवार, १३ जून लागल्यावर ००:५५ वाजता विमान सुटेल. घरातून शुक्रवार, १२ जूनलाच दुपारी निघा. विमानतळावर शुक्रवारी रात्री १० पर्यंत पोहोचा.’

तीन वाक्यं झाली, पण कुठलाही वाचक त्यातून एकच अर्थ काढेल. ‘मध्यरात्री १२’ हा शब्दप्रयोग तर वापरूच नका, कारण तो तारखेच्या सुरुवातीलाही लागतो आणि शेवटालाही. अमेरिकन कागदावर `12:30 AM` असेल तर तो ००:३० आहे, आणि `12:30 PM` म्हणजे दुपारचे साडेबारा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावाच्या स्थानिक वेळा असतात. त्यांचं भारतीय वेळेत रूपांतर करू नका, विमानतळावरचं घड्याळ तसं चालत नाही. पण प्रवासाला किती तास लागतील ते वेगळं लिहा, कारण ००:५५ ते ०७:०० हे कागदावर सहा तासच दिसतात आणि काकू तेवढीच औषधं हाताशी ठेवतील. जूनमध्ये न्यू जर्सी भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. सहा तास पाच मिनिटं अधिक साडेनऊ तास म्हणजे १५ तास ३५ मिनिटं. हिवाळ्यात तिथली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा फरक साडेदहा तासांचा होतो. परतीच्या ओळीतला `+1` म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचणं: शनिवार, १० ऑक्टोबर, रात्री ८:२५. हे चिन्ह बारीक असतं आणि भाषांतरातून सहज गळतं. मुंबईत घ्यायला येणारी गाडी त्यावर अवलंबून असते.

आता पॉलिसी १२ जूनपासून का, तेही कळतं. मुंबईत १३ जूनचे ००:५५ वाजले असतात तेव्हा न्यू जर्सीत १२ जूनची दुपार असते.

रक्कम: स्वल्पविराम आणि लाख

मुदत ठेव पावतीवर लिहिलं आहे, ‘रु. ३,७५,०००/- (अक्षरी रुपये तीन लाख पंच्याहत्तर हजार फक्त)’. परदेशी वाचकाला `3,75,000` मध्ये काहीतरी गळाल्यासारखं वाटतं, कारण त्यांचा स्वल्पविराम दर तीन अंकांनी येतो. मी असं लिहितो:

```
INR 375,000 (Rupees three lakh seventy-five thousand only)
[Translator's note: 1 lakh = 100,000]
```

अंक तेच आणि त्याच क्रमाने राहिले, फक्त स्वल्पविरामाची जागा बदलली. अक्षरी रकमेतला लाख तसाच ठेवला, कारण ते मुळातले शब्द आहेत. टीप पूर्ण फाइलमध्ये एकदाच, लाख पहिल्यांदा येईल तिथे पुरते. रकमेनंतरची ‘/-’ ही खूण गाळा, तिकडे ती कुणाला कळत नाही. ‘रु.’ साठी `Rs` ऐवजी `INR` लिहा, कारण रुपया नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मॉरिशसचाही आहे.

बोलीतले अपूर्णांक सावकाश उतरवा. मुलाने वडिलांच्या वतीने लिहिलेल्या पत्रात ‘पावणेदोन लाख’ असेल तर ते १,७५,००० आहेत, ‘सव्वादोन लाख’ असतील तर २,२५,०००. हे शब्द रोज वापरणाऱ्याकडूनही इंग्रजी आकडा लिहिताना चूक होते, म्हणून आधी समासात पूर्ण आकडा लिहून पाहायचा.

जर्मनीचा कागद असेल तर ठिपका आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल होते: `1.250,50` म्हणजे साडेबाराशे युरो आणि ५० सेंट. कुवेतच्या दिनारात दशांशानंतर तीन अंक असतात, कारण एका दिनाराचे हजार फिल्स होतात. तिथल्या बिलावरचा `12.500` हा आकडा साडेबारा दिनार आहे, साडेबारा हजार नव्हे.

आता पॉलिसी. `Policy Maximum: $100,000` आणि `Deductible: $250`. मराठीत: ‘कमाल संरक्षण १,००,००० अमेरिकी डॉलर (एक लाख)’ आणि ‘प्रत्येक दाव्यात पहिले २५० डॉलर तुम्ही भरायचे’. दुसरी ओळ तशी लिहिण्याआधी पॉलिसीच्या तपशिलात पाहा की ही रक्कम दर दाव्याला आहे की पूर्ण मुदतीत एकदाच. आकडा बरोबर आणि ‘प्रत्येक’ चुकीचा असेल तरी नुकसान तेवढंच. काकांना अंदाज यावा म्हणून रुपये द्यायचे असतील तर दरासह द्या: ‘८५ रुपये दर धरल्यास सुमारे २१,२५० रुपये’. दर न लिहिता दिलेला रुपयांचा आकडा लोक पक्का समजतात आणि पुढे त्यावरून भांडण होतं.

मापं: कुठे किती बारीक लिहायचं

सातबाऱ्यावर क्षेत्र असं दिसतं: ०.८०.५०. दोन ठिपके पाहून नवीन भाषांतरकार गोंधळतात. हे दशांश नाहीत, तीन वेगळी मापं आहेत. रकान्याजवळ ‘हे.आर.चौ.मी.’ असं छापलेलं असतं: ० हेक्टर, ८० आर, ५० चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून एकूण ८,०५० चौरस मीटर. इंग्रजीत:

```
0 hectare 80 are 50 sq. m. [Translator's note: total 8,050 sq. m.]
```

बिनशेतीच्या उताऱ्यावर एकक वेगळं असू शकतं, म्हणून दर वेळी रकान्याचं डोकं वाचा. ‘आर’ ला ‘एकर’ समजून बसलेलं एक भाषांतर मी दुरुस्त केलं आहे. त्यात दोन एकरांच्या आसपासचं शेत ८० एकर झालं होतं. गावात आर आणि गुंठा एकच मानतात, पण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असतो. कागदावर आर असेल तर आरच लिहा.

उंचीचाही असाच सापळा आहे. मराठी फॉर्मवर ‘५.४ फूट’ लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याला ५ फूट ४ इंच म्हणायचं असतं. ती उंची सुमारे १६३ सेंटिमीटर होते. दशांश समजून गुणाकार केला तर १६५ येते. माणसाला विचारून घ्या.

काका-काकूंसाठीच्या कागदात रूपांतर करताना, ती मर्यादा आहे की नुसती माहिती, हे आधी ठरवा. ‘हॉटेलपासून अर्धा मैल’ ही माहिती आहे. ‘सुमारे ८०० मीटर, पायी दहा-बारा मिनिटं’ एवढं पुरे. ८०४.६७ मीटर लिहिण्यात काही अर्थ नाही. बॅगेचे `50 lb` ही मर्यादा आहे. तिचं गणित २२.६८ किलो येतं. हा आकडा वरच्या बाजूला नेऊन २३ करू नका, ‘५० पौंड (घरच्या काट्यावर २२.५ किलोच्या आत)’ असं लिहा. तिकिटावर कंपनीने स्वतःच `23 kg / 50 lb` छापलं असेल तर मात्र दोन्ही आकडे तसेच उतरवा, कारण ती त्यांची मर्यादा आहे. बॅगेच्या आकाराचे `62 in` हे लांबी, रुंदी आणि उंची मिळून आहेत. ‘मिळून’ हा शब्द गाळला तर बॅगेची लांबीच १५७ सेंटिमीटर समजली जाते. हातसामानातल्या द्रव पदार्थांसाठीचा `3.4 oz` हा आकारमानाचा औंस आहे, म्हणजे १०० मिलिलिटर. २८ ग्रॅमचा औंस वजनाचा, त्याच्याशी गल्लत करू नका.

तापमानाच्या बाबतीत आपल्याकडे दुहेरी सवय आहे. हवामान आपण सेल्सियसमध्ये मोजतो, म्हणून `77°F` चे २५ अंश सेल्सियस करून द्या. पण ताप फॅरनहाइटमध्येच मोजतो. ‘१०१ च्या वर गेला तर डॉक्टरकडे जा’ हे काकूंना लगेच कळतं. पॉलिसीत तापाचा आकडा फॅरनहाइटमध्ये असेल तर तसाच ठेवा, फक्त ‘फॅ.’ लिहायला विसरू नका.

शेवटची तपासणी

भाषांतर झाल्यावर मजकूर वाचण्याआधी मी फक्त आकडे वाचतो. मूळ कागदावर प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलने गोल करायचा, मोजायचे आणि भाषांतरात तेवढेच आहेत का पाहायचं. दाखल्यात १७ गोल असतील आणि भाषांतरात १६, तर एक कुठेतरी राहिला आहे, बहुधा रजिस्टर क्रमांक किंवा शिक्क्यातली तारीख. टिपांमधले आकडे वेगळे मोजायचे.

मग घरातल्या कुणाला तरी भाषांतर हातात द्यायचं आणि आपण मूळ कागद मोठ्याने वाचायचा. आकडा एकेक अंक करून वाचायचा, ‘तीन सात पाच शून्य शून्य शून्य’ असा. ‘पावणेचार लाख’ असं वाचलं तर ऐकणारा चुकीच्या आकड्यालाही मान डोलावतो. तारखा, नावं आणि पासपोर्ट क्रमांक शेवटी पासपोर्टशीच ताडायचे, मुलाने फोनवर पाठवलेल्या यादीशी नाही.

इंग्रजी कागदांच्या खाली तुमचं प्रमाणपत्र येईल: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि तुम्हाला दोन्ही भाषा येतात, असं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला ही दोन्ही विधानं लागतात. त्याखाली सही, नाव, पत्ता आणि तारीख. ही तारीखही `02/06/2026` अशी लिहू नका. `02 June 2026` लिहा.